रोबस्टाची बदनामी आणि पाच पेल्यांची परीक्षा

आमच्या घरात कहवा हा शब्द होता, पण पेय मात्र चहाच. कॉफीची ओळख मला बी.एड.च्या दिवसांत झाली, तीही झटपट कॉफीच्या छोट्या पाकिटातून. वर्गात बाबा बुदान यांची गोष्ट सांगताना मी मुलांना सांगायचो की या सूफी संतांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, आणि आज आपण पितो ती कॉफी तीच. परंपरा म्हणून गोष्ट ठीक आहे, पण तिचा शेवट मी चुकीचा सांगत होतो. येमेनची कॉफी अरेबिका. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी बराच मोठा भाग रोबस्टाचा आहे, आणि तिचा प्रवास अगदी वेगळा आहे.

तो सुरू होतो एका रोगापासून. 1869 मध्ये सिलोनच्या मळ्यांत कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. हाही तसाच बुरशीचा रोग, पानाखाली नारिंगी भुकटी आणि मग पानगळ. काही वर्षांत सिलोनची कॉफी बसली आणि तिथे चहा आला. जावामधल्या डच मळेवाल्यांनाही याच रोगाने गाठलं. त्यांना तांबेऱ्यापुढे टिकणारं झाड हवं होतं. ते काँगोच्या जंगलात सापडलं, आणि 1900 च्या सुमारास ब्रसेल्सच्या लिंडेन यांच्या रोपवाटिकेने ते 'रोबस्टा' या नावाने विकायला काढलं. रोबस्टा म्हणजे धट्टीकट्टी. वनस्पतिशास्त्रात या जातीचं नाव कॅनेफोरा आहे. जगाच्या तोंडी बसलं ते रोपं विकणाऱ्याने दिलेलं नाव. त्या नावात चवीबद्दल एक अक्षर नाही, हे लक्षात घ्या.

चवीबद्दलचा निकाल मात्र लवकर लागला. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या कॉफी बाजाराने रोबस्टाच्या सौद्यांना बंदी घातली. पुढे झटपट कॉफीचे कारखाने आले. त्यांना रोबस्टा आवडली, कारण ती स्वस्त होती आणि तिच्यातून विरघळणारा अर्क जास्त निघतो. अशा गिऱ्हाइकासाठी मळेवाला फळ निवडून कशाला तोडेल? फांदीवरून हात ओढायचा, हिरवी, पिकली, सुकलेली सगळी फळं एकत्र, आणि ती जमिनीवर वाळत टाकायची. वाळताना ढीग नीट पालथा झाला नाही की आत बुरशी येते, मातीचा वास बसतो. कपात येणारा गोणपाटाचा आणि जळक्या रबराचा वास बऱ्याच अंशी इथून येतो. दोष हाताळणीचा होता, नाव जातीचं खराब झालं.

सगळाच दोष हाताळणीचा, असं म्हणणंही खरं नाही. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, साखर कमी असते. तिचा कडूपणा कितीही मेहनत घेतली तरी संपत नाही. प्रश्न एवढाच, की त्या कडूपणाला तोलणारी गोडी फळात तयार झाली होती का, आणि वाळवणीपर्यंत टिकली का.

भारतात हा प्रश्न विचारायलाही उशीर झाला. 1942 च्या कायद्याखाली मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. तिथे प्रत ठरायची, पण मळ्याचं नाव पुसलं जायचं. मग निवडून तोडण्याचा खर्च कोण करणार? 1990 च्या दशकात विक्री टप्प्याटप्प्याने मोकळी झाली आणि मळेवाला आपल्या नावाने परदेशी गिऱ्हाईक शोधू लागला. आपल्याकडे एक जुनी जमेची बाजू होती. जगात बहुतेक रोबस्टा अख्खं फळ वाळवून तयार होते, तिला आपल्याकडे 'चेरी' म्हणतात. कर्नाटक-केरळच्या काही मळ्यांत मात्र पिकलं फळ सोलून, चिकट गर काढून, बी धुऊन वाळवण्याची पद्धत होती, ती 'पार्चमेंट'. रोबस्टाचा गर अरेबिकापेक्षा दाट आणि चिवट असतो, त्यामुळे हे काम वेळखाऊ. याच पार्चमेंटमधले मोठे, निवडक दाणे कॉफी बोर्डाने 'कापी रॉयल' या नावाने पुढे आणले.

मग 2010 मध्ये अमेरिकेतली कॉफी क्वालिटी इन्स्टिट्यूट आणि युगांडाचं कॉफी प्राधिकरण यांच्या पुढाकाराने रोबस्टासाठी स्वतंत्र मोजपट्टी तयार झाली. तोवर तिला अरेबिकाच्या पट्टीवर मोजत, म्हणजे उर्दूचा पेपर मराठीच्या उत्तरपत्रिकेवरून तपासावा तसं. नव्या पट्टीत 350 ग्रॅम कच्चे दाणे निवडतात. त्यात काळा किंवा आंबलेला असा मोठा दोष एकही चालत नाही, किरकोळ दोष पाचपर्यंत चालतात. मग चव, आणि शंभरपैकी 80 गुण मिळाले तर ती 'फाइन रोबस्टा'. चवीत दोन जोड्या खास रोबस्टासाठी आहेत: खारटपणा विरुद्ध आंबटपणा, आणि कडूपणा विरुद्ध गोडी. रोबस्टात पोटॅशियम जास्त असल्याने ती जिभेला खारट लागू शकते. चांगल्या दाण्यात थोडा फळासारखा आंबटपणा तो खारटपणा झाकतो.

ही परीक्षा घरी करता येते. मी दोन पाकिटं आणली होती. एकावर चिकमगळूर भाग, पार्चमेंट, भाजल्याची तारीख आणि मध्यम भाजणी असं छापलं होतं. दुसरं महाग, मोठ्या अक्षरांत 'स्पेशालिटी रोबस्टा', बाकी काही नाही. दाणे काळेभोर आणि तेलकट. प्रत्येकाचे पाच पेले लावले. एका पेल्याला 8.75 ग्रॅम कॉफी आणि 150 मिलीलीटर पाणी, उकळी थांबल्यावर अर्ध्या-एका मिनिटाने ओतलेलं. दाणे पेल्यागणिक वेगळे दळायचे, हे विसरू नका. एखादा कुजका दाणा असेल तर तो एकच पेला बिघडवतो आणि पकडला जातो. एकत्र दळलं तर तो पाचांत लपतो. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून वास घ्यायचा, फेस काढायचा, आणि जीभ पोळणार नाही इतकं निवलं की भुरका मारून चाखायचं. दूध, साखर, चिकोरी काही नाही.

गरम असताना महाग कॉफीच भारी वाटली. बायकोनेही तिलाच बोट दाखवलं. करपलेला वास इतका जोरात होता की त्याखाली काय आहे ते कळेना. गडद भाजणी हा दोष लपवायचा जुना उपाय आहे. निवत गेलं तसं पाचांपैकी दोन पेल्यांत ओल्या गोणपाटाचा वास उघडा पडला, उरलेल्या तिघांत नुसता कोरडा कडूपणा. पार्चमेंटचे पाचही पेले मात्र एकसारखे होते. भाजलेल्या बदामाचा आणि कोकोचा वास, घोट जाड, कडूपणा आहे पण गिळल्यावर मागे गुळासारखी गोडी. पूर्ण थंड झाल्यावर चव किंचित खारट झाली, इतकाच उणेपणा.

आजकाल फळाला बंद पिंपात आंबवून स्ट्रॉबेरी-फणसाच्या वासाची रोबस्टाही येते. तिला मी लगेच गुण देत नाही. वास उतरल्यावर, कोमट पेल्यात गोडी उरते का ते पाहतो. बऱ्याचदा उरत नाही.

दुकानात मी आता तीनच गोष्टी विचारतो: पार्चमेंट की चेरी, कधी भाजली, आणि कोणत्या भागातली. त्या महाग पाकिटाच्या दुकानदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, स्ट्राँग आहे, घेऊन बघा."