स्कॅन केलेल्या कागदावर ६ चा ८ कसा होतो?

नागपूर - सिव्हिल लाइन्स किंवा सीताबर्डीवरील कोणत्याही दुकानात जुने खरेदीखत वा मोजणीचा नकाशा स्कॅन करून घेतला, की मिळणारी पीडीएफ फाइल मूळ कागदाचे हुबेहूब छायाचित्र आहे, असे गृहीत धरले जाते. पान धूसर आले तर ते लगेच दिसते. मात्र फाइल लहान करण्याच्या एका पद्धतीत पान स्वच्छ, अक्षरे ठसठशीत आणि तरीही एखादा आकडा भलताच, असे होऊ शकते. खाडाखोडीची खूण नाही, यंत्राची सूचनाही नाही.

हा दोष जगापुढे आला तो २०१३ साली जर्मनीत. डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाकडे एका कंपनीने तक्रार केली, की इमारतीचा नकाशा स्कॅन केल्यावर खोल्यांची क्षेत्रफळे बदलतात. मूळ नकाशात तीन खोल्यांवर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर असे लिहिले होते. 'झेरॉक्स वर्कसेंटर ७५३५' या यंत्रातून निघालेल्या फाइलमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. उघडच लहानमोठ्या दिसणाऱ्या खोल्यांवर एकच आकडा आल्याने गोष्ट लक्षात आली. खर्चाच्या एका तक्त्यात तर ६५.४० चे ८५.४० झाले. तिथे नजरेला खटकण्यासारखे काहीच नव्हते.

पहिला संशय अर्थातच अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआर प्रणालीवर गेला. पण ती बंद ठेवूनही अंक बदलत राहिले. दोष प्रतिमेतच होता.

तो 'जेबिग-२' या पद्धतीत दडलेला होता. कृष्णधवल पानांसाठी २००० साली मान्य झालेले हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. जुन्या छापखान्यातील कंपोझिटरची खिळ्यांची पेटी आठवली, तर त्याचे काम समजणे सोपे जाते. यंत्र पानावरील शाईचे सुटे सुटे तुकडे वेगळे काढते. एक तुकडा दुसऱ्यासारखा वाटला, की दोघांसाठी एकच 'खिळा' ठेवते आणि तो कुठे कुठे छापायचा एवढीच नोंद करते. पानावर शंभर वेळा आलेला अंक एकदाच साठवला गेल्याने फाइल कमालीची लहान होते.

अडचण 'सारखा वाटला' या दोन शब्दांत आहे. हा अंक सहा आहे की आठ, हे यंत्राला ठाऊक नसते. ते फक्त दोन तुकड्यांतील किती ठिपके जुळतात ते मोजते. ७ पॉइंट आकाराचा इंग्रजी अंक इंचाला २०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला, तर त्याची उंची जेमतेम १४ ठिपके भरते. त्या आकारात 6 आणि 8 यांच्यातील फरक म्हणजे वरच्या उजव्या बाजूची एक-दोन ठिपक्यांची फट. शाई थोडी पसरली, की ती बुजते; जुळणीची मर्यादा सैल असेल तर सहाच्या जागी आठचा खिळा बसतो. तो खिळा मुळात नीट स्कॅन झालेला असल्याने छापही नीटच उमटते. वाचणाऱ्याला शंका येत नाही, ती यामुळेच.

झेरॉक्स कंपनीने आधी दोष फक्त 'नॉर्मल' या हलक्या दर्जाच्या पर्यायापुरता असल्याचे सांगितले. तो पर्याय निवडताना अक्षरे बदलू शकतात अशी सूचना यंत्राच्या मांडणीत होतीही. ती किती जणांनी वाचली असेल, हा प्रश्नच. पुढे क्रिझेल यांनी वरच्या दर्जातही तसेच घडत असल्याचे दाखवले. आज्ञावलीतील चूक कंपनीने मान्य केली आणि ऑगस्ट २०१३ मध्येच दुरुस्ती देण्यास सुरुवात केली. ज्याला आपण बोलीभाषेत 'झेरॉक्स' म्हणतो, ती कागदावरून थेट कागदावर काढलेली प्रत यात सापडली नव्हती. प्रश्न स्कॅन करून साठवलेल्या फाइलचा होता.

मराठी कागदपत्रांना हा धोका कमी आहे का? शब्दांपुरता आहे. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द हा एकच सलग तुकडा ठरतो आणि दोन वेगळे शब्द ठिपक्या-ठिपक्याने जुळणे अवघड असते. अंकांना मात्र शिरोरेषा नसते. ते सुटेच उभे राहतात, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत नेमके तेच जाऊन पडतात. बारीक छपाईत १ आणि ९ किंवा ४ आणि ५ यांच्यात फारसे अंतर उरत नाही. उदाहरणादाखल, ०.१९ हेक्टर क्षेत्राचे ०.९९ हेक्टर झाले, तर ८० आर, म्हणजे जवळपास दोन एकर जमीन कागदावर वाढते. हस्तलिखित फेरफारात प्रत्येक अंकाचे वळण वेगळे असल्याने जुळणी कमी होते; टंकलिखित आणि छापील तक्त्यांना जास्त जपावे लागते.

उपाय यंत्राच्या मांडणीतच असतो. कृष्णधवल पानासाठी `CCITT Group 4` हा पर्याय निवडावा. फॅक्सच्या काळातील ही पद्धत ठिपका न गमावता साठवते आणि इंचाला ३०० ठिपक्यांनी घेतलेले साधे टंकलिखित पान सहसा शंभरेक किलोबाइटमध्ये बसते. अ‍ॅक्रोबॅटसारख्या प्रणालीत `JBIG2 (Lossy)` आणि `JBIG2 (Lossless)` हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. यातील पहिला टाळावा. दुसऱ्यात अंक बदलत नाहीत, तरीही जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने २०१५ मध्ये मूळ कागद नष्ट करण्यापूर्वीच्या स्कॅनिंगसाठी जेबिग-२ सरसकट वर्ज्य ठरवले. कारण फाइल एकदा तयार झाली, की नेमका कोणता पर्याय वापरला होता हे सांगणे कठीण असते. शिवाय 'कॉम्पॅक्ट' वा 'हाय कॉम्प्रेशन' पीडीएफ हा पर्याय रंगीत पानालाही सुरक्षित नाही. त्यात मजकुराचा थर वेगळा काढला जातो आणि त्यावर हीच पद्धत चालवलेली असू शकते. जेपेगमध्ये दर्जा उतरला तर अंक धूसर होतात, पण खिळा बदलत नाही आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. दीर्घकाळ जतनासाठी सुचवले जाणारे पीडीएफ/ए हे प्रमाणही जेबिग-२ ला मज्जाव करत नाही. केवळ ते नाव पाहून निर्धास्त राहू नये.

हाती आलेली फाइल कशी तपासावी? संगणकावर पॉपलर ही मोफत साधने असतील, तर पुढील आज्ञा प्रत्येक पानाची पद्धत सांगते.

```
pdfimages -list kagad.pdf
```

उत्तरातील `enc` या स्तंभात `ccitt` किंवा `jpeg` दिसले, तर त्या फाइलमध्ये खिळ्यांची अदलाबदल झालेली नाही. मात्र तीच फाइल आधी दुसऱ्या पद्धतीने साठवून नंतर बदललेली नसावी, ही अट आहे. `jbig2` दिसले तर चूक आहेच असे नाही, पण आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. साधने नसतील तर पान खूप मोठे करून एकाच अंकाच्या चार-पाच जागा पाहाव्यात. खऱ्या स्कॅनमध्ये प्रत्येक अंकाची कड थोडी वेगळी येते. सगळे ठिपक्यागणिक एकसारखे असतील, तर खिळा वापरला गेला आहे, असे समजावे. तक्ता असेल तर बेरीज करून पाहणे हा जुना मार्ग उपयोगी पडतो. एकट्या उभ्या असलेल्या गट क्रमांकाला किंवा तारखेला तो लागू पडत नाही. चुकीचा अंक एकदा बसला, की नंतर चांगल्या पद्धतीने फाइल पुन्हा साठवूनही मूळ अंक परत मिळत नाही. त्यासाठी कागदच पुन्हा स्कॅन करावा लागतो.