बारा लाखांवर कर किती? उत्तर एकच नाही

नवी दिल्ली : ‘वर्षाला बारा लाख मिळतात, कर किती?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यापेक्षा उत्पन्नाच्या स्वरूपावर आणि करदात्याच्या निवासी दर्जावर अवलंबून असते. आर्थिक वर्ष 2025-26 आणि नवी करप्रणाली गृहीत धरून गुरुग्राममधील तीन काल्पनिक करदात्यांची उदाहरणे पाहता येतील.

पहिल्याचे बारा लाख निव्वळ वेतनाचे आहेत. 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाता 11,25,000 रुपये करपात्र ठरतात. त्यावरील 52,500 रुपयांचा कर कलम 87अ खालील सवलतीने पूर्ण माफ होतो.

दुसऱ्याचे वेतन दहा लाख असून, वर्षाच्या आत विकलेल्या सूचिबद्ध समभागांवर त्याला दोन लाखांचा नफा झाला आहे. करपात्र रक्कम तेवढीच, मात्र या नफ्यावर 20 टक्के विशेष दर लागतो आणि त्या करास ही सवलत मिळत नाही. उपकरासह 41,600 रुपये भरावे लागतात. अनेकांची फसगत येथेच होते.

तिसऱ्याने एप्रिल ते ऑगस्टमध्ये बारा लाख वेतन मिळवले आणि नोकरीसाठी तो परदेशी गेला. त्याचे वर्षभरातील भारतातील वास्तव्य 153 दिवसांचे, म्हणजे 182 पेक्षा कमी; त्यामुळे तो अनिवासी ठरतो. ही सवलत केवळ निवासी व्यक्तींना असल्याने त्याचा कर उपकरासह 54,600 रुपये होतो.