केसवरचा प्रश्न आला कुठून?

नारायण पेठेच्या शेजारी, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत परीक्षांचे प्रश्नसंच मिळतात. नर्सिंगच्या अशा संचांत 'केसवर आधारित' म्हणून छापले जाणारे प्रश्न सहसा एका ठरावीक घडणीचे असतात: एक बाई, तिचं वय, तिच्या तक्रारी आणि शेवटी पाठांतराचा प्रश्न. केसचा प्रश्न मुळात असा नव्हता, असं माझं म्हणणं आहे. तो निघाला एका निर्णयातून, 'थांबायचं की पाठवायचं' या सुईणीच्या निर्णयातून. प्रसूतीच्या आलेखाचा, म्हणजे पार्टोग्राफचा, इतिहास पाहिला की हे स्पष्ट दिसतं.

कळांचा काळ आणि गर्भपिशवीचं तोंड उघडण्याचा वेग यांचा आलेख 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी मांडला. पण तो अभ्यासकाचा आलेख होता. फिलपॉट आणि कॅसल यांनी 1972 मध्ये ऱ्होडेशियात, आजच्या झिंबाब्वेत, त्यावर दोन तिरक्या रेषा ओढल्या आणि तो सुईणीच्या हातात आला. तासाला 1 सेंटिमीटर या वेगाची पहिली रेषा ॲलर्ट लाइन. तिच्या उजवीकडे 4 तासांवर दुसरी, ॲक्शन लाइन. मधले 4 तास कशासाठी, तर बाहेरच्या दवाखान्यातून बाईला मोठ्या रुग्णालयात न्यायला वेळ मिळावा म्हणून. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा आलेख स्वीकारला, इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशियात 35,484 बाळंतपणांवर पारखला आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचे चार भाग होते. तत्त्वं एका भागात, वापरणाऱ्यासाठी दुसरा आणि शिकवणाऱ्यासाठी तिसरा. नियम आणि त्यावरचा सराव असे एकाच संचातून, एकमेकांच्या हाताशी आले. आपल्याकडेही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एएनएम आणि स्टाफ नर्ससाठी 2010 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत सोपा केलेला, 4 सेंटिमीटरपासून सुरू होणारा पार्टोग्राफ आहे.

आता एक केस घेऊ. पहिलटकरीण. सकाळी 10 वाजता तपासणीत तोंड 4 सेंटिमीटर उघडलेलं, दहा मिनिटांत 3 कळा, बाळाचे ठोके 140. दुपारी 2 वाजता तोंड 6 सेंटिमीटर, ठोके ठीक. प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स काय करील? जुन्या आलेखावर 2 वाजता 8 सेंटिमीटर अपेक्षित होतं. 6 ची खूण ॲलर्ट लाइनच्या उजवीकडे, दोन तास मागे पडते. म्हणजे ॲक्शन लाइन अजून आलेली नाही, पण आलेख सोबत देऊन बाईला पाठवायचं. या आलेखानुसार हेच उत्तर बरोबर. पण 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तासाला 1 सेंटिमीटरचा निकष सगळ्यांना लावायला चुकीचा ठरवला, सक्रिय अवस्था 5 सेंटिमीटरपासून धरली आणि 2020 मध्ये नवा 'लेबर केअर गाइड' आणला. त्यात 6 सेंटिमीटरवर 5 तास किंवा अधिक प्रगती थांबली तर धोक्याची खूण होते. याच बाईचं मोजमाप 2 वाजता सुरू होतं आणि बाकी सगळं ठीक असेल तर केवळ वेगासाठी ती खूण संध्याकाळी 7 च्या आधी होत नाही. बाई तीच, आकडे तेच, उत्तरं दोन.

यावर आक्षेप येतो की परीक्षेत दोन उत्तरं चालत नाहीत, मुली गोंधळतील. माझ्या मते गोंधळ दोन उत्तरांमुळे होत नाही. प्रश्नात मार्गदर्शिकेचं वर्ष आणि नर्स कुठे उभी आहे, हे लिहिलेलं नसतं, म्हणून होतो. 'अमुक वर्षाच्या मार्गदर्शिकेनुसार, जिथे सिझेरियनची सोय नाही अशा केंद्रात' एवढे शब्द घातले की उत्तर एकच राहतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अशा प्रश्नांनी नर्स कागद बघायला शिकते, बाई बघायला नाही. हे खरं होऊ शकतं. उपाय प्रश्नाच्याच रचनेत आहे. तीच केस पुन्हा द्यावी, या वेळी तोंड वेळेवर उघडतं आहे, खुणा ॲलर्ट लाइनच्या डावीकडेच आहेत, पण ठोके 100 वर आले आहेत. रेषेकडेच पाहणारी मुलगी 'वाट पाहीन' लिहील. ठोके 110 च्या खाली गेले की रेषा काहीही सांगो, मदत मागायची, हे जिला कळलं तिचं उत्तर वेगळं असेल.

प्रश्न पारखायची एक साधी रीत आहे. वरची गोष्ट झाकून फक्त शेवटची ओळ वाचावी. 'ॲलर्ट लाइन किती सेंटिमीटरपासून सुरू होते?' याचं उत्तर गोष्टीशिवाय येतं, म्हणून हा पाठांतराचा प्रश्न आहे. त्याला केस म्हणू नये. प्रश्नसंच काढणाऱ्यांना आणि पेपर काढणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे, ही पारख प्रत्येक प्रश्नाला लावा, आणि छापताना त्याखाली मार्गदर्शिकेचं नाव आणि वर्ष जरूर द्या.