पहाटेच्या डोहातला घोट

साधारण ३६ कोटी वर्षं मागे या. आज जिथे पेनसिल्व्हेनियातलं रेड हिल आहे, तिथल्या नदीकाठच्या डोहात तुम्ही मांसल परांचा मासा होऊन पडला आहात. नदी आटली आहे. उजाडायला थोडाच अवकाश आहे आणि डोहाची सगळ्यात कठीण वेळ हीच. आर्किओप्टेरिस वृक्षांचा पाला पाण्यात कुजतोय आणि तो कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतायत. शेवाळानंही रात्रभर तो बनवला नाही, उलट वापरला. त्यात पाणी कोमट, म्हणजे मुळातच कमी वायू धरणारं. चांगल्या पाण्यातसुद्धा लिटरमागे जेमतेम ६ मिलिलिटर प्राणवायू असतो. आजच्या हवेत तो २१० मिलिलिटर आहे.

कल्ल्यांवरून तुम्ही कितीही पाणी ढकला, काहीच हाती लागत नाही. पहिला फटका बसतो हृदयाला. तुमचं रक्त हृदयातून कल्ल्यांत जातं, तिथून अंगभर फिरतं आणि मग परत येतं. म्हणजे हृदयाच्या वाट्याला सगळ्यांचं भागल्यावर उरलेलं रक्त. फुप्फुसाचा पहिला फायदा हृदयालाच झाला असावा, असं जीवशास्त्रज्ञ कॉलीन फार्मर यांनी १९९७ मध्ये मांडलं. मला ते पटतं.

तुम्ही वर येता, तोंड उघडता, हवा भरून घेता. ती ओढून घेणारी छाती तुम्हाला नाही. तोंडाचा तळ उचलून तुम्ही ती घशामागच्या पिशव्यांत ढकलता. तिथून निघालेलं ताजं रक्त परतणाऱ्या रक्तात मिसळून थेट हृदयात पोहोचतं. हृदय सावरतं.

पण पुढची वाट पुन्हा कल्ल्यांतूनच जाते. बाहेरच्या पाण्यात रक्ताहून कमी प्राणवायू आहे, त्यामुळे कमावलेला थोडा तिथे गळून जातो. आजच्या आफ्रिकी फुप्फुसमाशाच्या काही कल्ला-कमानींवर झालरच उरलेली नाही. रक्त तिथून न गळता पुढे जातं. कल्ले पूर्ण मात्र गेले नाहीत, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो आणि तो टाकायला ते उपयोगी पडतात.

तुमच्या पिशव्या या डोहाहून बऱ्याच जुन्या आहेत. मऊ अवयवांचे जीवाश्म क्वचितच होतात, म्हणून पुरावा जिवंत नातेवाइकांत शोधावा लागतो. आफ्रिकेतल्याच बिचिर माशाचा आणि फुप्फुसमाशाचा वंश ४२ कोटी वर्षांपूर्वीच वेगळा झाला, तरी दोघांचीही फुप्फुसं अन्ननलिकेच्या खालच्या बाजूनं फुटतात. तेव्हा ती त्यांच्या समाईक पूर्वजातच होती. पोहताना तोल सांभाळणारी हवेची पिशवी आधीची आणि फुप्फुस तिच्यातून झालं, असं डार्विनला वाटे, घडलं उलट.

आपल्या तळ्यातली मरळ फुप्फुसाची अशी तोलाची पिशवी झालेल्या वंशातली. तिच्या पूर्वजांवर प्राणवायूच्या टंचाईची वेळ पुन्हा आली तेव्हा जुनं फुप्फुस हाताशी नव्हतं, म्हणून कल्ल्यांच्या वर हवेसाठी नव्या पोकळ्या तयार झाल्या. आज मरळीला वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यातच गुदमरते.