आंबलेलं आणि विटलेलं

अन्न बिघडलं हे सांगायला मराठीत एका शब्दावर भागत नाही. दूध नासतं, आमटी विटते, फळ कुजतं, पावाला बुरा येतो. आंबणं मात्र दोन्हीकडे चालतं. रात्रीचा भात आंबला म्हणजे टाकायचा, आणि डोशाचं पीठ आंबलं म्हणजे तवा चढवायचा. तीन दिवसांच्या पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, आंबट भपकारा नाकात शिरला, की हे आंबणं कुठल्या अर्थाचं, असा प्रश्न पडतो. इडलीचा इतिहास धुंडाळताना मला या प्रश्नाचा माग बाराव्या शतकापर्यंत लागला.

शिवकोट्याचार्यांच्या ‘वड्डाराधने’त, म्हणजे 920च्या सुमारास, ‘इड्डलिगे’ हे नाव येतं. त्यानंतर शतकभराने चावुंडरायाच्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात कृती सापडते. उडीद ताकात भिजवायचे, बारीक वाटायचे आणि त्यात दह्याची निवळ घालायची. इथे आंबटपणा बाहेरून आणलेला आहे. पुढे 1130च्या आसपास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने (तिसऱ्या) ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या मराठी पदांमुळे परिचयाचा आहे. त्यातल्या ‘इडरिके’ला लागणाऱ्या उडदाच्या पिठाला लावलेलं विशेषण आहे ‘अम्लीभूत’, म्हणजे आंबट झालेलं. ताक किंवा निवळ घालून केलेलं असं तिथे म्हटलेलं नाही. पीठ आंबट होणं ही पाककृतीची पायरी ठरली होती, असा अर्थ मी त्यातून काढतो.

हे आग्रहाने सांगायचं कारण असं की, के. टी. अचया या अन्नेतिहासाच्या मोठ्या अभ्यासकाला जुन्या वर्णनांमध्ये तांदूळ, आंबवणं आणि वाफवणं या तिन्ही गोष्टी दिसल्या नाहीत, आणि आंबवण्याची रीत इंडोनेशियातून आली असावी असा तर्क त्यांनी मांडला. तांदळाबद्दल ते बरोबर आहेत. आंबवण्याबद्दल मात्र ‘अम्लीभूत’ या एका शब्दापुढे मला त्यांचा तर्क टिकत नाही असं वाटतं. पण इंडोनेशियाचा धागा हातातून सोडू नका. तो पुढे वेगळ्याच ठिकाणी लागतो.

पिठात नेमकं काय घडतं याचा प्रयोगशाळेतला शोध म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत घेतला गेला. 1965 साली एस. के. मुखर्जी आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, पीठ फुगवण्याचं मुख्य काम यीस्टचं नसून ‘ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस’ या जिवाणूचं आहे. तो डाळीबरोबरच घरात येतो. तो आम्ल आणि वायू दोन्ही तयार करतो, आणि उडदाच्या चिकटपणामुळे वायू पिठात अडकून राहतो. मग आम्ल इतकं वाढतं की ते त्यालाच सोसवत नाही. त्याच्या जागी आम्ल अधिक सोसणारे भाईबंद येतात. ते आम्ल वाढवत राहतात, पण त्यांतले बरेचसे वायू सोडत नाहीत. जास्त आंबलेलं पीठ खाली का बसतं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. फुगण्याचा काळ संपतो आणि आंबण्याचा चालूच राहतो.

हे डोळ्यांनी पाहावं म्हणून मागच्या एप्रिलमध्ये मी तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथी वाटून रात्री आठला ठेवली, आणि आम्लता दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. या पट्टीवरचा आकडा उतरला म्हणजे आम्ल वाढलं. वाटल्याबरोबर आकडा सहाच्या आसपास होता. सकाळी सहाला पीठ दुप्पट झालं होतं, वास ताकासारखा आणि पट्टी साडेचारला. दुपारी दोनला मधोमध खळगा पडू लागला. दुसऱ्या रात्री आठला पीठ पार बसलं, वर पिवळट पाणी सुटलं, वास नाकाला झोंबू लागला, आणि पट्टी चारच्या जवळ आली. या पिठाच्या इडल्या चपट्या आणि दडदडीत झाल्या. त्यातच दोन वाट्या ताजं तांदळाचं पीठ आणि पाणी कालवून केलेले डोसे मात्र घरच्यांनी निमूट खाल्ले. हे पीठ आंबट होतं, विटलेलं नव्हतं.

थोडं पीठ मी फडक्याखाली ओट्यावर तसंच राहू दिलं होतं. पाचव्या दिवशी त्यावर सुरकुतलेली पांढरी साय धरली, भांड्याच्या काठावर वाळलेल्या थरात काळे ठिपके उठले. वास आता झोंबत नव्हता. कुबट, ओल्या पोत्यासारखा येत होता. सायीखाली पट्टी लावली तर आकडा पुन्हा पाचाकडे चढलेला. पृष्ठभागावर वाढणारी यीस्ट आणि बुरशी आम्ल खाऊन टाकतात. म्हणजे आंबटपणा ओसरू लागणं हीच बिघाडाची खूण. आजवर आपण वासाच्या तीव्रतेला भीत आलो. भ्यायला हवं ते तो वास मऊ पडतो तेव्हा.

आता जावा. 1930च्या दशकात ए. जी. व्हॅन वीन हे डच रसायनशास्त्रज्ञ तिथे एका विषबाधेचा शोध घेत होते. नारळाच्या चोथ्यावर बुरशी वाढवून केलेला ‘बोंगक्रेक’ हा गरिबांचा पदार्थ खाऊन माणसं दगावत होती. व्हॅन वीन आणि मेर्टेन्स यांनी दाखवलं की, हवी ती बुरशी मागे पडली की त्या चोथ्यात एक जिवाणू माजतो आणि त्याचं विष जीव घेतं. आम्ल असलं की तो जिवाणू वाढत नाही. हेच व्हॅन वीन पुढे कॉर्नेलच्या त्या इडली-संशोधनातले एक लेखक आहेत. जावातल्या मृत्यूंचा अभ्यास केलेला माणूस इडलीच्या पिठाशी येऊन थांबावा, याचं मला फार नवल वाटतं. अचयांनी जोडलेला धागा आंबवण्याच्या उगमाचा होता. कागदपत्रांत सापडतो तो आंबवण्यातल्या धोक्याचा.

इडलीच्या पिठात बोंगक्रेकचं विष होतं असं मी म्हणत नाही. पण तर्क तोच लागू पडतो. राखणदार आम्ल आहे. म्हणून आंबट झालेल्या पिठापेक्षा जे पीठ आंबट न होताच दिवसभर उबेत राहिलं, त्याचा संशय अधिक घ्यावा. डाळ-तांदूळ फार गरम पाण्यात भिजवले किंवा वाटताना पीठ तापलं, तर आंबवणारे जिवाणू मरू शकतात. असं पीठ फुगत नाही, ताकासारखा वास येत नाही, आणि इतरांना मोकळं रान मिळतं. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतातच. त्याचं उलटी आणणारं विष वाफेने नाहीसं होत नाही. ‘शिजवल्यावर सगळं मरतं’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. बुरशीच्या काही विषांचंही तेच. म्हणून रंगीत किंवा केसाळ डाग दिसला की वरचा थर काढून उरलेलं वापरू नये. तंतू दोरीसारखे ओढले गेले, किंवा कुजका वास आला, तरीही पीठ टाकावं.

खाण्याच्या सोड्याबद्दल मला जरा राग आहे. सोडा आम्ल मारतो, बुडबुडे आणतो, आणि जास्त आंबलेल्या पिठाची इडली पुन्हा वर येते. आंबट पिठापुरतं ते चालेल. पण आंबटपणा झाकला गेला की कुबट वासही ओळखू येईनासा होतो. त्यामुळे सोडा घालण्याआधी पीठ हुंगावं. व्हिनेगरसारखा किंवा किंचित दारूसारखा तिखट वास असेल तर ते चवीला कडक झालेलं पीठ आहे, डोशाला, उत्तप्प्याला चालतं. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही. चौथ्या दिवसाचं पीठ पहिल्या दिवसापेक्षा आंबट असणारच.

आपल्याकडे मालवणात आंबोळी म्हणतात, तिच्या नावातच आंबणं आहे. घावन मात्र न आंबवता करतात. दोन्ही तवे एकाच चुलीवर चढतात, आणि कुठल्या पिठाला आंबट वास यायला हवा, हे तिथल्या बाईला झाकण काढताक्षणी कळतं.