संक्रमण, प्रत्यावर्तन आणि उत्तरसाहाय्य : एका सेवा सोसायटीच्या आधाराने

जुन्या प्रणालीचे काम नव्या प्रणालीकडे सोपवण्याच्या नियोजित क्रियेस येथे संक्रमण म्हटले आहे. व्यवहारात तिला कटओव्हर म्हणतात. संक्रमण फसल्यास काम पुन्हा जुन्या प्रणालीवर आणणे म्हणजे प्रत्यावर्तन, अर्थात रोलबॅक. नवी प्रणाली चालू झाल्यापासून ती नेहमीच्या देखभालीकडे सुपूर्द होईपर्यंत दिलेले विशेष साहाय्य ते उत्तरसाहाय्य. घडण्याचा क्रम हाच आहे, नियोजनाचा क्रम मात्र उलटा असतो. परत फिरणे किती काळ शक्य आहे हे आधी ठरवावे लागते आणि संक्रमणाचे वेळापत्रक त्यावर बसवावे लागते.

उदाहरण विकास सेवा सोसायटीचे घेऊ. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. समान लेखापद्धती असलेली एकच प्रणाली सर्व संस्थांनी वापरावी, हे त्यातील तत्त्व. विवेचनासाठी मेढ्याच्या परिसरातील एक सोसायटी कल्पिली आहे : चारशेच्या आसपास सभासद, कार्यालयातल्या एकाच संगणकावर जुना हिशेबाचा प्रोग्राम, आणि गटसचिवाकडे आणखी दोन गावांच्या सोसायट्या. पुढील आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे.

पहिला प्रश्न तिथीचा. १ एप्रिल ही हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ तारीख, कारण वर्षाची अखेरची शिल्लक तयार असते. पण मार्चअखेर पीककर्जाच्या वसुलीची गर्दी असते आणि लगोलग खरिपाचे कर्जवाटप सुरू होते. जून ते सप्टेंबर जावळीचा पाऊस. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा तेव्हा कमीच. राहिला दिवाळीनंतरचा काळ. सोमवार १ डिसेंबर ही तिथी धरली, तर वर्षाच्या मध्यावरची, लेखापरीक्षण न झालेली शिल्लक नव्या प्रणालीत न्यावी लागते. आठ महिन्यांतील चुकाही तिच्यासोबत जातात. हा दोष पत्करण्याजोगा आहे, कारण चूक शोधायला सवड मिळते. मार्चमध्ये ती मिळत नाही.

शनिवारी दुपारी ४ वाजता काउंटर बंद, सोमवारी सकाळी १० वाजता चालू. हाती ४२ तास. किर्द बंद करणे आणि रोख मोजणे २ तास, बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे २ तास, माहिती भरणे ६ तास, पडताळणी १० तास. बेरीज २० होते आणि निम्म्याहून अधिक वेळ शिल्लक दिसतो. परंतु या वेळापत्रकातील निर्णायक क्षण काम संपण्याचा नसून परत फिरण्याचा निर्णय घेण्याचा आहे. जुना प्रोग्राम पुन्हा चालू करून शिल्लक तपासायला ३ तास आणि राखीव २ तास धरले, तर सोमवारी पहाटे ५ ही अंतिम वेळ निघते. त्या वेळी निर्णय घेणारा अध्यक्ष झोपेत असतो आणि प्रोग्रामचा माणूस फोन उचलत नाही. म्हणून निर्णयाची वेळ रविवारी रात्री ८. तोवर पडताळणी पुरी झाली नसेल तर संक्रमण रद्द समजावे. ‘आणखी दोन तासांत होईल’ हे कारण ग्राह्य धरू नये.

पडताळणी म्हणजे काय, हे येथे सूक्ष्मपणे पाहिले पाहिजे. पहिली पायरी तेरजेची. तेरजेतील येणे कर्जाची रक्कम आणि नव्या प्रणालीतील सभासदवार बाकीची बेरीज एक यावी. समजा २,७०० रुपयांचा फरक आला. ही संख्या ९ ने पूर्ण भागते, म्हणून प्रथम लगतच्या अंकांची अदलाबदल शोधावी : कोठेतरी ४५,२०० च्या जागी ४२,५०० भरले गेले असण्याचा संभव असतो. जुन्या कारकुनांची ही युक्ती संगणकावरही चालते. मात्र ती फक्त कोठे पाहावे हे सांगते, चूक सिद्ध करत नाही.

तेरीज जुळणे आवश्यक आहे, पर्याप्त नाही. ५०,००० रुपयांचे कर्ज १० जूनला वाटले, दर ६ टक्के धरला. बाकी बरोबर नेली, पण वाटपाची तारीख न नेता प्रणालीने १ डिसेंबर हीच कर्जाची तारीख मानली. तेरीज चोख जुळते. ३१ मार्चपर्यंतचे व्याज मात्र २९४ दिवसांऐवजी १२० दिवसांचे होते : २,४१६ ऐवजी ९८६ रुपये. शिवाय परतफेडीची मुदत पुढे सरकते, थकबाकीदार नियमित दिसू लागतो आणि मुदतीत फेडीवर मिळणाऱ्या व्याजसवलतीची यादीही चुकते. म्हणून दुसरी पायरी अशी : वीस खाती निवडून दोन्ही प्रणालींवर एकाच भावी तारखेचे व्याज काढावे. निवडीत थकबाकीदार, अंशतः फेड केलेला, मयत सभासदाच्या वारसाचे खाते आणि मध्यम मुदतीचे कर्ज असावे. सरसकट पहिली वीस खाती घेणे म्हणजे तपासल्याचे समाधान विकत घेणे होय.

आता प्रत्यावर्तनाच्या अवस्था. (१) काउंटर उघडण्यापूर्वी जुनी प्रणाली अबाधित असते. परत फिरण्याची किंमत एका रविवारची. (२) पहिली पावती फाटल्यापासून जिल्हा मध्यवर्ती बँकेशी पहिला मेळ बसेपर्यंत परत फिरता येते, पण नव्या प्रणालीतील प्रत्येक व्यवहार जुन्यात हाताने भरावा लागतो. यासाठी रोज संध्याकाळी किर्द कागदावर छापून सही करून ठेवावी आणि नव्या पावत्यांना वेगळी क्रमांकमाला द्यावी. (३) बँकेशी मेळ होऊन व्याज आकारले गेले की प्रत्यावर्तन संपले. पुढे फक्त दुरुस्ती नोंद शक्य. बॅकअप तेव्हाही असतो, परंतु तो परत टाकल्यास सभासदाच्या हातातील पावती आणि खतावणी यांत विसंवाद निर्माण होतो. संगणक मागे जातो, पावती मागे जात नाही.

दुसरी अवस्था लांबवण्यासाठी दोन्ही प्रणाली समांतर चालवण्याचा सल्ला दिला जातो. तीन गावे सांभाळणाऱ्या गटसचिवाबाबत तो दहा कामाच्या दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर संध्याकाळी एका प्रणालीतील आकडे दुसरीत उतरवले जातात आणि दोन्ही जुळतात, कारण ती एकमेकींची नक्कल असते. नोंदींच्या वेळा पाहिल्या की हे ओळखू येते : दिवसभराच्या सर्व नोंदी साडेपाच ते सहाच्या दरम्यान पडलेल्या दिसतात.

उत्तरसाहाय्याची मुदत दिवसांत मोजण्याची प्रथा आहे. ती घटनांत मोजणे अधिक युक्त : पहिली दिवसअखेर, पहिली महिनाअखेर, पहिली मार्चअखेर. यातील शेवटची घटना डिसेंबरच्या संक्रमणानंतर चार महिन्यांनी येते. करार तीस दिवसांचा असेल तर साहाय्य करणारा माणूस नेमक्या त्या वेळी दुसऱ्या तालुक्यात असतो.

तक्रारींची वही ठेवावी आणि प्रत्येक तक्रारीपुढे तिचा प्रकार लिहावा : माहितीची चूक, प्रोग्रामची चूक, की सवयीचा अभाव. पहिल्या प्रकारची एक तक्रार आली तर तशी सर्व खाती काढून पाहावीत. पण वहीची एक मर्यादा आहे. ‘तात्या, व्याज जादा लागलंय’ म्हणून सभासद खिडकीशी येतो. व्याज कमी लागले म्हणून कोणी येत नाही. वरील उदाहरणातील १,४३० रुपयांची चूक वहीत कधीच उमटणार नाही. ती शोधण्याचे काम साहाय्य करणाऱ्यानेच अंगावर घ्यायचे असते : डिसेंबरअखेर थकबाकीची यादी काढून ती नोव्हेंबरच्या यादीशी नावानिशी ताडून पाहायची. यादीतून गळलेल्या प्रत्येक नावासमोर वसुलीची पावती असली पाहिजे. पावती नसेल तर त्या खात्याची वाटपाची तारीख उघडून पाहावी. आणि ही ताडणी होईपर्यंत जुना संगणक कपाटात, बॅकअपसह, कुलूपबंद राहू द्यावा. नोव्हेंबरची यादी त्याच्याखेरीज दुसरीकडे नसते.