एचआरव्ही रिपोर्टमधला LF/HF आकडा खरंच ताण मोजतो का?

समजा, चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून पिंपरीला परतलेल्या कामगाराने एचआरव्ही चाचणी केली. ही चाचणी हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेतले चढ-उतार मोजते. त्यातले ०.०४ ते ०.१५ हर्ट्झचे संथ चढ-उतार म्हणजे LF आणि ०.१५ ते ०.४० हर्ट्झचे जलद चढ-उतार म्हणजे HF. LF ला HF ने भागून उत्तर मोठं आलं, की अनेक रिपोर्ट 'ताण जास्त' म्हणतात.

गोम श्वासात आहे. मिनिटाला १५ श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ; श्वासाचा परिणाम HF मध्ये दिसतो. तोच कामगार शांत बसून मिनिटाला ६ श्वास घेऊ लागला, तर ते होतात ०.१ हर्ट्झ. परिणाम LF मध्ये सरकतो आणि आकडा उसळतो. माणूस निवांत, रिपोर्ट मात्र तणावाचा!

शिवाय LF हा फक्त ताणाच्या, म्हणजे सिंपथेटिक मज्जासंस्थेचा आरसा नाही. शरीराला शांत करणारी व्हेगस नस आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाही त्यात मिसळलेली असते. त्यामुळे रिपोर्टमध्ये श्वासाचा वेग नोंदवलेला नसेल, तर एकट्या LF/HF वरून ताण ठरवू नये.